तेहेतीस मायक्रॉन

कंपनीच्या बसचा आमच्या बाजूचा फेरा बंद झाला तेव्हा त्या फेऱ्यात दोनच माणसं उरली होती. एक मी आणि दुसरा तो. दोघांसाठी एवढी मोठी बस रोज 58 किलोमीटर पळवणं परवडत नाही, हे ॲडमिनचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. "तुम्ही दोघं मिळून एक गाडी करा, पेट्रोलचं आम्ही बघतो," असं त्यांनी सुचवलं. सुचवणाऱ्याला आमचं काय आहे ते अजिबात माहीत नसावं, किंवा चांगलंच माहीत असावं.

आमचं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल.

मी मशीनशॉप बघतो, तो क्वालिटी. आमच्याकडे ॲल्युमिनियमची एक हाउसिंग बनते. तिच्या पोटात 200 मिलिमीटर व्यासाचं भोक असतं, त्याला आम्ही बोअर म्हणतो, आणि त्या बोअरमध्ये बेअरिंग बसतं. बोअर 200 पेक्षा लहान चालत नाही आणि मोठा झाला तर जास्तीत जास्त 46 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लहान राहिला तर पुन्हा मशीनवर चढवून थोडा खरवडता येतो. मोठा झाला तर हाउसिंग भंगारात. माझ्या धंद्यातला प्रत्येक माणूस म्हणूनच मोठ्या बोअरला जास्त घाबरतो, आणि ही भीती या गोष्टीत महत्त्वाची आहे.

दीड वर्षापूर्वीच्या एका उन्हाळ्यात 96 हाउसिंगचा लॉट निघाला. संध्याकाळी पहिला पीस लॅबमध्ये गेला. त्याच्या सहीने रिपोर्ट आला: 200 वर 28 मायक्रॉन. अगदी मधोमध नाही, पण झोप लागेल असा आकडा. रात्रभर मशीन चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबने लॉट तपासला तर सरासरी उणे 5. बहुतेक पीस 200 पेक्षा लहान. 28 आणि उणे 5, फरक 33 मायक्रॉनचा.

त्याने मला फोन केला नाही. ईमेल केला, आणि वरच्या चार जणांना त्यात जोडून. त्यात एक वाक्य होतं: ‘पहिला पीस मान्य झाल्यानंतर मशीनच्या सेटिंगमध्ये हेतुपुरस्सर बदल केलेला दिसतो.’ मी उलट लिहिलं की सेटिंगला कोणी हात लावलेला नाही, लॅबला पहिला पीस तरी नीट मोजता आला का ते बघा. मग मीटिंग झाली. तिथे मी म्हणालो की एसीत बसून काड्या करणं सोपं असतं. तो म्हणाला की खोटं बोलणं त्याहून सोपं असतं. नवी लाइन येणार होती, तिच्या प्रमुखपदासाठी आमची दोघांचीच नावं चर्चेत होती. दोघांचीही गेली आणि बाहेरून तिसराच माणूस आला. लॉट रीवर्क होऊन गेला, गिऱ्हाइकाला कळलंही नाही. पण त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना ‘साहेब’ म्हणायला लागलो. नाव घेणं दोघांनीही टाकलं. त्या ‘साहेब’ला किती धार असू शकते, हे ऐकल्याशिवाय कळणार नाही.

अशा दोन साहेबांनी एका गाडीत बसायचं होतं.

पहिली व्यवस्था मेसेजवर झाली. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. सकाळी पावणेसात. खाली आल्यावर एक मिस्ड कॉल, फोन उचलायचा नाही. एकेका फेरीला सव्वा ते दीड तास, वाटेतलं रेल्वेचं फाटक लागलं तर त्यावर दहा-बारा मिनिटं. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "गाडीत कंपनीचं काही नको." तो म्हणाला, "मलाही तेच बरं." कंपनी वगळली तर आमच्यात दुसरं काही नव्हतंच. त्यामुळे पुढचे तीन आठवडे रेडिओ बोलला.

त्या तीन आठवड्यांत मी त्याच्यावर पाळत ठेवून होतो असं म्हटलं तरी चालेल. तो मागच्या गाडीला रस्ता द्यायला फार लवकर डावीकडे होतो. गाडी सुरू करण्याआधी छोट्या वहीत किलोमीटर लिहितो. फाटकावर इंजिन बंद करतो, आणि सिग्नल पडायच्या आधीच चालू करतो, कारण आगगाडीचा शेवटचा डबा तो मोजून असतो. हे सगळं मला चीड आणणारं वाटायचं. आता वाटतं, मला त्याच्यात खोट शोधायची होती आणि सापडत होती ती नुसती शिस्त.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी मशीनचा स्पिंडल बसला. मला निघायला सव्वादोन तास उशीर झाला. त्याला कळवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. बाहेर आलो तर तो गाडीत दिवा लावून काहीतरी वाचत बसला होता. माझ्या मनात होतं, आता टोमणा येणार. तो फक्त म्हणाला, "झालं का चालू?" मी म्हटलं, "उद्या बेअरिंग येईल." गाडी निघाली आणि मी दहा मिनिटांत झोपलो. घराजवळ जाग आली तेव्हा लक्षात आलं की रेडिओ बंद होता. त्याने तो कधीतरी मुद्दाम बंद केला होता. मी आभार मानले नाहीत. ज्याच्याशी वैर आहे त्याच्या गाडीत घोरत पडलो होतो, याचीच मला जास्त लाज वाटत होती.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सातव्या आठवड्यात तर आम्ही पुन्हा पहिल्यापेक्षा मागे गेलो. दहाच्या मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर माझ्या शॉपच्या एका ड्रिलिंगच्या कामात भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूचा कीस, राहतो म्हणून विषय काढला. मुद्दा बरोबर होता. पण त्याच सकाळी तो दीड तास माझ्या शेजारी बसून आला होता. संध्याकाळी गाडीचं दार मी जरा जोरातच लावलं.

"सकाळी सांगता आलं नसतं का, साहेब?"

"गाडीत कंपनीचं नको, असं तुमचंच म्हणणं होतं."

"म्हणजे चारचौघांत मला उघडं पाडायचं?"

"तुम्ही नियम केलात, मी पाळला. काय चुकलं सांगा."

त्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी आणखी चिडलो. दोन दिवस पुन्हा रेडिओ. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाच्या अलीकडे तो स्वतःहून म्हणाला, "आज मी तुमच्या शॉपच्या गेजचं कॅलिब्रेशन काढणार आहे. दोन गेजची तारीख उलटून गेलीय." मी शॉपमध्ये पोचल्याबरोबर ते दोन गेज बाजूला काढायला लावले. मीटिंगमध्ये त्याने विषय काढला, मी सांगितलं की वेगळे ठेवलेत, आणि अर्ध्या मिनिटात प्रकरण संपलं. त्या दिवसापासून आपोआप एक रिवाज पडला. जे मीटिंगमध्ये निघणार आहे ते फाटकाच्या आधी गाडीत निघायचं. मीही सांगायला लागलो. आमच्यात जर काही खरोखर दुरुस्त झालं असेल तर त्याची सुरुवात इथे आहे. मोठं मन वगैरे काही नव्हतं. मीटिंगमध्ये तोंडघशी पडायचं नाही, एवढा दोघांचा स्वार्थ होता.

पण 33 मायक्रॉनचा विषय कोणीच काढत नव्हतं. तो मागच्या सीटवर बसलेला तिसरा माणूस असल्यासारखा रोज आमच्याबरोबर यायचा-जायचा.

तो बाहेर आला टायरमुळे.

माझ्या गाडीचा आठवडा होता. संध्याकाळी परतताना, गाडी तासभर पळाल्यावर, एका पंपावर मी हवा तपासायला थांबलो. चारही टायरमध्ये 36 दिसली. माझ्या गाडीला 32 लागते. मी पोराला म्हटलं, कमी करून 32 कर. त्याने केली. तो शेजारी बसून बघत होता, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्याने खिशातून स्वतःचा छोटा प्रेशर गेज काढला आणि माझ्या टायरला लावला. 28.

"टायर गरम असताना हवा मोजायची नसते," तो म्हणाला. "32 हा आकडा थंड टायरचा असतो. गाडी पळाली की आतली हवा तापते, दाब वाढतो. तुम्हाला वाढलेला आकडा दिसला, तुम्ही तो उतरवलात. आता थंड झाल्यावर कमी पडला."

मी म्हणालो, "गरम असताना मोजायचं नसतं, हे क्वालिटीने मला शिकवावं?"

हे टोमणा म्हणून बोललो होतो. नेमका काय टोमणा, ते माझं मलाही स्पष्ट नव्हतं. त्याचा चेहरा मात्र एकदम उतरला. त्याने गेज खिशात टाकला आणि फाटकापर्यंत एक शब्द बोलला नाही. मीही गप्प झालो, पण माझं कारण वेगळं होतं. त्याचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं: वाढलेला आकडा दिसला, तुम्ही तो उतरवलात, थंड झाल्यावर कमी पडला. हेच मी दीड वर्षापूर्वी केलं होतं. टायरला नाही, त्या हाउसिंगला.

इथे थोडं मापाबद्दल सांगावं लागेल. लांबीची सगळी औद्योगिक मापं 20 अंश सेल्सिअसला धरली जातात. 1931 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर हे ठरलं, तेव्हापासून ड्रॉइंगवरचा 200 हा आकडा म्हणजे 20 अंशांवरचा 200. लॅब म्हणूनच 20 वर ठेवलेली असते. माझा शॉप उन्हाळ्यात 34 वर असतो. तिथे आम्ही बोअर मोजतो तो गेजने, आणि तो गेज आधी माप ठाऊक असलेल्या पोलादी मास्टर रिंगवर शून्य करतो. आम्हाला शिकवलेलं असं की रिंग आणि पीस दोन्ही शॉपमध्येच असतात, दोन्ही सारखेच गरम, म्हणजे तापमानाची चूक कटून जाते. पोलादाचा पीस असेल तर ती कटतेही. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. एका मीटरला एका अंशामागे पोलाद साडेअकरा मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम 23. 200 मिलिमीटरवर, 14 अंशांच्या फरकाला, हाउसिंग रिंगपेक्षा 32 मायक्रॉन जास्त फुगते. दोन्ही सारखेच गरम असूनसुद्धा. म्हणजे शॉपमधला आकडा खऱ्यापेक्षा 32 ने मोठा दिसणार, आणि गेज बिचारा अगदी बरोबर असणार.

त्या संध्याकाळी मला पहिल्या पीसवर 42 दिसले होते. 46 ची हद्द चार मायक्रॉनवर. लॅबने 28 सांगितले होते, पण मला माझ्या गेजवर जास्त भरवसा होता आणि रात्रीच्या शिफ्टमध्ये 96 हाउसिंग भंगारात जाण्याची भीती होती. मी ऑपरेटरला म्हटलं, ऑफसेट 15 ने खाली घे, म्हणजे मशीनच्या सेटिंगमध्ये बोअर 15 मायक्रॉनने लहान कर. आणि तो बदल लॉगबुकात लिहिला नाही. एवढ्याशासाठी पुन्हा पहिला पीस लॅबला पाठवावा लागला असता आणि दोन तास गेले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉट रिजेक्ट झाला, त्याचा ईमेल आला, आणि मी लिहिलं की सेटिंगला कोणी हात लावलेला नाही. पुढच्या दीड वर्षात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की मला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

टायरच्या त्या सकाळनंतर तीन दिवस मी घोळत होतो. सांगावं तर हा माणूस ते उद्या ईमेलमध्ये घालणार नाही कशावरून? शेवटी ज्या संध्याकाळी सांगितलं ती काही ठरवून निवडलेली नव्हती. फाटक पडलं होतं, गाडी मी चालवत होतो, आणि त्याच्या सवयीने मी इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली.

"त्या लॉटचा ऑफसेट मी बदलला होता," मी म्हणालो. "15 मायक्रॉन."

तो समोर बघत राहिला. आगगाडी गेली. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा मी इंजिन चालू केलं. बराच पुढे आल्यावर त्याने विचारलं, "15 च? नक्की?"

"नक्की."

"हं."

एवढंच. दीड वर्षाचं ओझं उतरवलं आणि समोरून ‘हं’. मला वाटलं होतं चिडेल, निदान ‘मी म्हणत होतोच’ असं तरी म्हणेल. घरी पोचलो तेव्हा माझा पश्चात्ताप होऊन गेला होता आणि राग परत आला होता. उतरताना त्याने वहीत किलोमीटर लिहिले, आणि मला वाटतं आणखीही काहीतरी लिहिलं.

दोन दिवसांनी, त्याच्या गाडीत, सकाळी, फाटकाच्या बऱ्याच अलीकडे त्याने बोलायला सुरुवात केली. आकड्यांनी सुरुवात केली, कारण त्याला दुसरी सुरुवात येत नाही.

"33 मधले 15 तुमचे. उरले 18. ते माझे."

मी रेडिओ बंद केला.

त्याचं म्हणणं असं. हाउसिंग शॉपमधून लॅबमध्ये गेली की लगेच मोजायची नसते. ती लॅबच्या तापमानाला यावी लागते, त्याला सोकिंग म्हणतात. त्या संध्याकाळी पीस त्याच्याकडे 34 अंशांवर पोचला. आमच्याच ऑफिसातून दर दहा मिनिटांनी फोन जात होते की मशीन उभं आहे, रिपोर्ट कधी देता. (ते फोन मीच करत होतो.) पन्नास मिनिटांनी त्याने पीस मोजणीच्या मशीनवर चढवला. त्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये पीसचं तापमान भरायची जागा असते. ते भरलं की मशीन हिशेब करून 20 अंशांवरचं माप देतं. त्या जागेत आधीचेच 20 होते, ते त्याने तसेच ठेवले. पीसला हात लावून बघितला तेव्हा गार वाटला होता.

"हाताला 24 अंशांचं ॲल्युमिनियमही गारच लागतं," तो म्हणाला. "हे मी ट्रेनिंगमध्ये पोरांना शिकवतो."

चार अंशांचा फरक, 200 मिलिमीटर, ॲल्युमिनियम: 18 मायक्रॉन. खरं माप 10 होतं, त्याने 28 लिहिले.

मी गाडीतच बोटांवर जुळवून बघितलं. पहिला पीस खरा 10. शॉपमध्ये 32 जास्त दिसले, म्हणून मला 42. लॅबमध्ये 18 जास्त दिसले, म्हणून त्याला 28. मी 15 उतरवले, 10 चे उणे 5 झाले. दुसऱ्या दिवशी लॅबने रात्रभर गार झालेले पीस मोजले आणि बरोब्बर उणे 5 मिळाले. दोघांपैकी कोणीही आपला अर्धा भाग त्या मीटिंगमध्ये सांगितला असता तर दुसरा अर्धा पाच मिनिटांत निघाला असता. आणि मी तो ऑफसेट बदललाच नसता तर लॉट सुखरूप गेला असता, कारण खरे 10 हद्दीत होते. हे शेवटचं मला आजही टोचतं. त्याची चूक होती, पण तिने एकही पीस बिघडला नव्हता. बिघडवला मी. तो मात्र हे कधीच म्हणाला नाही, आणि मला वाटतं त्याला हे पहिल्या दिवसापासून दिसत असणार.

"तुम्हाला कळलं कधी?" मी विचारलं.

"आठवड्याने. तोच पीस पुन्हा मोजला, 10 आले. मला वाटलं मशीन बिघडलं. मग कळलं."

"आणि गप्प बसलात."

"तुम्हीही बसलात."

"तुम्ही ‘हेतुपुरस्सर’ लिहिलं होतंत."

"ते चुकलं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "तुम्हीही ‘एसीत बसून’ म्हणाला होतात."

"तेही चुकलं."

समेट यापेक्षा जरा वजनदार असेल अशी माझी कल्पना होती.

पुढचे काही आठवडे गाडीत दुसरा विषयच नव्हता. त्याने एका हाउसिंगला तापमानाचा प्रोब चिकटवून लॅबमध्ये ठेवली आणि दर दहा मिनिटांचे आकडे वहीत आणले. तो चालवायचा, मी वाचून दाखवायचो. आमच्या हाउसिंगचा आणि खोलीचा तापमानातला फरक साधारण अठ्ठावीस मिनिटांना निम्मा होत होता. 14 चे सात, सातचे साडेतीन. पन्नास मिनिटांना साधारण चार उरतात, म्हणजे त्या संध्याकाळचे त्याचे 24 अंश अगदी बरोबर जुळले. फरक अर्ध्या अंशावर यायला सव्वादोन तास. सुरुवातीला झपाट्याने उतरतं आणि मग रेंगाळतं, म्हणूनच फसायला होतं: पाऊण तासात बरंचसं गार झालेलं असतं आणि माणसाला वाटतं, झालं की आता.

"अडीच तास लिहूया," मी म्हटलं.

"तुमचं मशीन अडीच तास उभं राहील."

"राहू दे. नाहीतर मीच फोन करत बसेन."

त्याने माझ्याकडे बघितलं. ‘साहेब’ न जोडता आम्ही बोलत होतो हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. कधी गळून पडलं ते सांगता येणार नाही. नावं मात्र अजूनही कोणी घेत नव्हतं.

शेवटी अडीच तास नुसते थांबण्याऐवजी आम्ही दोन गोष्टी सुचवल्या. लॅबमध्ये प्रत्येक पीसला प्रोब लावून खरं तापमान सॉफ्टवेअरमध्ये भरायचं; तरीही पीस 22 च्या वर असेल तर मोजायचा नाही, कारण बाहेरून गार आणि आतून गरम असलेल्या जाड पीसचा हिशेब आकड्याने सुटत नाही. आणि शॉपसाठी मास्टर रिंग हाउसिंगच्याच जातीच्या ॲल्युमिनियमची करून घ्यायची, म्हणजे दोन्ही सारखेच फुगतील. ॲल्युमिनियमची रिंग लवकर झिजते, म्हणून ती दर महिन्याला लॅबमध्ये तपासायची. ही शेवटची ओळ त्याची. पूर्वी असती तर मी तिला काडी म्हटलं असतं.

नोट कोणाच्या नावाने पाठवायची यावर एक अख्खी फेरी गेली. त्यात जुन्या लॉटचा दाखला द्यायचा की नाही, यावर दुसरी. त्याचं म्हणणं, द्यायचा, नाहीतर ही नोट कशासाठी ते कळणार नाही. मला नको होता. दीड वर्षाने स्वतःहून फाशी का घ्यायची? शेवटी त्याने स्वतःचे 18 लिहिले आणि माझ्यासाठी जागा रिकामी सोडून लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. मी फाटकापर्यंत तो तसाच धरून बसलो. मग 15 लिहिले. दोघांच्या नावाने, त्याच चार जणांना, नोट गेली. वरून दोन ओळींचं उत्तर आलं: रिंगची ऑर्डर द्या, आणि यापुढे ऑफसेट लॉगबुकात. नव्या लाइनच्या प्रमुखपदाबद्दल अर्थातच काही नाही. ती जागा गेली ती गेलीच, आणि एखाद्या सकाळी आम्ही दोघंही त्यावरून जरा आंबट होतो, एकमेकांवर नाही तरी.

मागच्या महिन्यात त्या रात्रीचा ऑपरेटर सुट्टीवरून परत आला. त्याला सहज विचारलं. त्याच्या खिशातल्या डायऱ्या तो कधी टाकत नाही. त्याने त्या उन्हाळ्याची शोधून आणली. ऑफसेट 12, 15 नाही. मी 15 सांगितलं होतं, पण आधी बारा घेऊन बघतो म्हणाला आणि तसंच राहिलं.

संध्याकाळी गाडीत मी हे सांगितलं. तो चालवत होता. फाटक पडलेलं होतं, त्याने इंजिन बंद केलं.

"12 आणि 18, 30," तो म्हणाला. "तीन राहिले."

"तुमचं तापमान चुकलं असेल. 24 नसेल, पाऊण अंश जास्त असेल."

"प्रोबने काढलंय. तुमचा इन्सर्ट झिजला असेल. 96 पीस म्हणजे कापणारं टोक झिजणार, बोअर लहान होत जाणार."

"म्हणजे पुन्हा माझ्याच खात्यात?"

"झिजण्याला खातं नसतं हो. लिहून ठेवतो फक्त."

त्याने वही काढली. मी म्हटलं, आधी इन्सर्ट बदलल्याची नोंद बघू, मग लिहा. तो म्हणाला, बघा. शेवटचा डबा जायला अजून बराच वेळ होता. त्याने पेन कानावर ठेवलं आणि मोजायला लागला.